घड्याळ, घट आणि वीस गुण

सराव परीक्षेच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं. ‘पेलीने घड्याळाचा दृष्टांत देऊन ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, ह्यूमने त्यावर कठोर टीका केली.’ वाक्य गुळगुळीत आहे आणि चुकीचं आहे. ह्यूम १७७६ मध्ये वारला. नैसर्गिक धर्मावरचे त्याचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्यम पेलीचं ‘नॅचरल थिऑलॉजी’ आलं १८०२ साली. म्हणजे टीका आधी झाली आणि घड्याळ तेवीस वर्षांनी आलं.

एवढ्या एका सनासाठी कोणी गुण कापणार नाही, असं विद्यार्थी म्हणतात, आणि ते बहुधा खरं आहे. पण चूक सनापुरती नाही. ज्याने हे वाक्य लिहिलं, त्याच्या मनात युक्तिवादांचा एक ढीग आहे आणि आक्षेपांचा दुसरा. कुठला आक्षेप कुठल्या युक्तिवादाच्या कुठल्या पायरीला लागतो, हे त्याने कधी पाहिलेलं नाही. अशा उत्तरात माहिती भरपूर असते, पण परीक्षण नसतं. प्रश्नात ‘चिकित्सक परीक्षण करा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा मागणी नेमकी त्या जोडणीची असते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ज्यांनी तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेतला आहे आणि जे मराठीतून लिहिणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दुसऱ्या पेपरमधल्या धर्माच्या तत्त्वज्ञानात ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणं आणि त्यांची चिकित्सा हा घटक येतो आणि त्यापुढे कंसात ‘भारतीय व पाश्चात्त्य’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तो कंस बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. दुसरी अडचण खास आपली. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येते, उत्तर मराठीत लिहायचं असतं. ‘कॉस्मॉलॉजिकल’ला काही पुस्तकं विश्वशास्त्रीय म्हणतात, काही कारणमूलक; ‘टेलिऑलॉजिकल’ला कुणी प्रयोजनमूलक म्हणतं, कुणी उद्देशमूलक. मी विश्वकारणमूलक आणि रचनामूलक हे शब्द वापरतो. तुम्ही कुठलेही घ्या, पण पहिल्या ओळीत घेतलेला शब्द शेवटच्या ओळीपर्यंत तोच ठेवा. मध्येच शब्द बदलला की तपासणाऱ्याला वाटतं, हा तिसराच युक्तिवाद आला की काय.

वर्गासाठी मी घेतलेला प्रश्न असा: ‘विश्वकारणमूलक आणि रचनामूलक युक्तिवाद ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करतात का? चिकित्सक परीक्षण करा.’ गुण वीस. पेपर अडीचशे गुणांचा आणि वेळ तीन तास, म्हणजे या प्रश्नाच्या वाट्याला साधारण चौदा मिनिटं येतात. त्यातली दोन विचाराला ठेवली तर लिहायला बारा उरतात. हाताने मिनिटाला पंचवीस-तीस शब्द होतात. म्हणजे सगळं मिळून सव्वातीनशे शब्द. या जागेत अक्वायनसचे पाचही मार्ग, उदयनाचे सगळे हेतू आणि ह्यूमचे सगळे टोले बसणार नाहीत. निवड करावीच लागते, आणि पहिल्या दोन मिनिटांत करायची ती हीच.

कच्च्या पानावर युक्तिवाद वाक्यांत मोडून एकाखाली एक लिहा. विश्वकारणमूलक युक्तिवाद असा मोडतो. एक, जगातल्या गोष्टी दुसऱ्या कशामुळे तरी घडतात. दोन, कुठलीही गोष्ट स्वतःचं कारण नसते. तीन, कारणांची साखळी अनंतापर्यंत मागे जाऊ शकत नाही. चार, म्हणून एक आदिकारण आहे. पाच, तेच ईश्वर. हा थॉमस अक्वायनसचा दुसरा मार्ग, ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथातला. प्रत्येक वाक्यासमोर जागा मोकळी सोडा. आक्षेप त्या जागेत लिहायचे, खाली वेगळी यादी करायची नाही.

खरी मेख तिसऱ्या वाक्यात आहे. बहुतेक विद्यार्थी ते असं समजतात की मागे मागे जात कधीतरी सुरुवात झालीच असणार. अक्वायनसला हे म्हणायचंच नव्हतं. जगाला काळात आरंभ आहे हे श्रद्धेने कळतं, तर्काने सिद्ध होत नाही, असं त्याने त्याच ग्रंथात म्हटलं आहे. माणसापासून माणूस जन्मण्याची साखळी अनंत मागे जाणं त्याला अशक्य वाटत नव्हतं. मग त्याला कुठली साखळी नको होती? त्याचं स्वतःचं उदाहरण हात आणि काठीचं आहे. काठी वस्तू हलवते, पण तेवढ्यापुरतंच, जेवढा वेळ हात काठी हलवतो.

वर्गात मी दहीहंडीचे थर आठवायला सांगतो. आजोबा वारले म्हणून नातू नाहीसा होत नाही. ती एक साखळी. पण चौथ्या थरावरचा गोविंदा तिसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे, तिसरा दुसऱ्याच्या, आणि हे सगळं या क्षणी चाललं आहे. खालचा सरकला की वरचे सगळे कोसळले. इथे थर कितीही वाढवा, अनंत करा. कुणीतरी जमिनीवर पाय टेकलेला नसेल तर एकही थर उभा राहणार नाही. अक्वायनसचं आदिकारण ही ती जमीन आहे. काळातला पहिला क्षण नव्हे. काळातल्या आरंभावर उभा असलेला युक्तिवाद वेगळा आहे. तो इस्लामी कलाम परंपरेतला, अल्-गझालीचा. विसाव्या शतकात विल्यम क्रेगने १९७९ मध्ये त्याला नवं रूप दिलं. महास्फोटाचा दाखला द्यायचा असेल तर तो तिथे चालतो. अक्वायनसच्या नावाखाली महास्फोट आला की पेन्सिल थांबते.

आता आक्षेप पायरीपायरीने. आधी तो आक्षेप, जो लिहू नये: ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते, तर ईश्वराचे कारण कोण?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर जिंकतो. उत्तरपत्रिकेत तो मार खातो, कारण ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ असं पहिलं वाक्य म्हणतच नाही. जे घडतं, जे नसूही शकलं असतं, त्याला कारण लागतं, एवढंच ते म्हणतं. त्याच शंकेचं धारदार रूप असं: एखादी गोष्ट कारणाविना असू शकते हे मान्यच आहे, तर ती गोष्ट हे विश्वच का असू नये? ईश्वरापर्यंत जाऊन थांबायचं आणि विश्वापाशी थांबायचं नाही, याला आधार काय? ह्यूमच्या संवादांत, नवव्या भागात हा प्रश्न येतो. बर्ट्रांड रसेलने १९४८ मध्ये बीबीसीवर कोपलस्टन या जेझुइट पंडिताशी झालेल्या चर्चेत हीच भूमिका घेतली: विश्व आहे, आणि त्यापलीकडे कारण विचारण्यात अर्थ नाही.

रसेलचा दुसरा मुद्दा त्याच चर्चेतला, आणि तो सुटा ओळखता यायला हवा. प्रत्येक माणसाला आई असते, यावरून मानवजातीला एक आई आहे असं निघत नाही. अवयवांचा गुण समूहावर लादण्याचा हा दोष आहे. ह्यूमचं उदाहरण वीस कणांचं: वीसही कणांची कारणं एकेक करून सांगितली, तर ‘आता या विसांच्या समूहाचं कारण सांगा’ म्हणणं उगाचंच आहे. इथे चांगला विद्यार्थी एक ओळ जास्त लिहितो. असा निष्कर्ष नेहमीच चुकतो असं नाही. लहान विटांची भिंत लहानच असेल असं नाही, पण लाल विटांची भिंत लालच असते. परावलंबन हे लहानपणासारखं की लालपणासारखं, इथे वाद आहे. कोपलस्टन म्हणेल, लालपणासारखं. थर कितीही रचा, जमिनीवाचून सगळे मिळूनही अधांतरीच. ही ओळ लिहिली की परीक्षण सुरू झालं.

कांटचा आक्षेप चौथ्या आणि पाचव्या वाक्यांच्या मधल्या फटीत बसतो, आणि बहुतेक वह्यांत तो पाठ केलेल्या एका ओळीत येतो: ‘कांटच्या मते हा युक्तिवाद सत्ताशास्त्रीय युक्तिवादावर आधारित आहे.’ का, ते लिहिलेलं नसतं. कारण असं. युक्तिवाद अनुभवापासून निघाला आणि ‘काहीतरी अनिवार्यपणे आहे’ इथे पोहोचला. पण हे अनिवार्य म्हणजे कोण? अनुभव इथे मुका होतो. तेव्हा तर्क म्हणतो, परिपूर्ण सत्ताच अनिवार्य असू शकते. म्हणजे परिपूर्णता असली की अस्तित्व आलंच, असं गृहीत धरलं. अन्सेल्मचा सत्ताशास्त्रीय युक्तिवाद दुसरं काय म्हणतो? पुढच्या दाराने अनुभव घेऊन आलेला पाहुणा मागच्या दाराने नुसती संकल्पना घेऊन बाहेर पडला. आणि अस्तित्व हा संकल्पनेत भर घालणारा गुणच नाही, हे कांटने ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या १७८१ च्या ग्रंथात आधीच दाखवलेलं आहे: मनातले शंभर थेलर आणि खिशातले शंभर थेलर संकल्पनेने सारखेच.

रचनामूलक युक्तिवादाकडे जाताना मी विद्यार्थ्यांना पेलीच्या आधी उदयनाकडे नेतो. तो नंतरच्या परिच्छेदात ‘भारतीय दृष्टिकोन’ म्हणून चिकटवला की उत्तर ठिगळाचं होतं. उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधीची. त्यातला पहिला हेतू नैयायिकांच्या अनुमानात असा बसतो: पृथ्वी वगैरे कर्त्याने केलेल्या आहेत, कारण त्या कार्यं आहेत; जे जे कार्य, ते ते कर्त्याने केलेलं, जसा घट. आणि न्यायमतात कर्ता म्हणजे कोण? ज्याला उपादानाचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे, तो. कुंभाराला माती ठाऊक असते. जगाचं उपादान परमाणू. त्यांचं प्रत्यक्ष ज्ञान ज्याला आहे तो सर्वज्ञच असणार.

हा युक्तिवाद कुठल्या खान्यात टाकायचा? हेतू ‘कार्यत्व’ आहे, म्हणून तो विश्वकारणमूलक वाटतो. हाती मात्र जाणता कारागीर लागतो, म्हणून रचनामूलक वाटतो. पाश्चात्त्य दोन खाने इथे नीट बसत नाहीत, हे एका वाक्यात सांगून टाका. तपासणाऱ्याला ते आवडतं, कारण ते खरं आहे.

न्यायाची मोठी सोय ही की आक्षेपांना आधीच नावं आहेत. मीमांसक म्हणतात, हेतू असिद्ध आहे. जग समग्रपणे कधी उत्पन्न झालं हेच कोणी दाखवलेलं नाही. कुमारिलभट्ट सृष्टी-प्रलयच मानत नाहीत. नैयायिकाचं उत्तर: पृथ्वी सावयव आहे, आणि सावयव ते कार्यच. दुसरा आक्षेप उपाधीचा, आणि तो समजायला चूल पुरे. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरं नाही; धुराला ओलं सरपण लागतं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओलं सरपण ही इथे लपलेली अट, म्हणजे उपाधी. प्रतिपक्षी म्हणतो, तसंच इथे आहे. घट, पट, रथ यांना कर्ता दिसतो तो ते शरीराने केलेले असतात म्हणून. रानातल्या गवताच्या अंकुराला कोणी हात लावलेला नाही. तो कार्य आहे, पण त्याचा कर्ता कोणी पाहिला? नैयायिक म्हणतो, अंकुर हा तर पक्षातच मोडतो, ज्याच्याबद्दल वाद चालू आहे त्यातलाच तो आहे. तो उलट उदाहरण म्हणून देता येणार नाही. उत्तर हुशारीचं आहे. माझ्या मते शरीराचा प्रश्न त्याने सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

रामानुजांचा आक्षेप तर थेट ह्यूमशेजारी ठेवण्यासारखा आहे. ते ईश्वर मानतात, पण तो अनुमानाने सिद्ध होतो हे मानत नाहीत. त्यांच्यासाठी प्रमाण शास्त्र. श्रीभाष्यात ते विचारतात की पृथ्वी, पर्वत, समुद्र हे सगळं एकाच कर्त्याने एकाच वेळी केलं हे कशावरून? वेगवेगळ्या कर्त्यांनी वेगवेगळ्या काळी केलं असेल. सहाशेहून अधिक वर्षांनी ह्यूमचा फिलो तेच विचारतो: घर, जहाज, नगर पुष्कळ माणसं मिळून बांधतात, मग विश्वाला एकच रचनाकार का? एक आस्तिक आचार्य आणि एक स्कॉटिश संशयवादी एकाच पायरीवर घाव घालतात. दोन परंपरांची तुलना म्हणजे हे. ‘भारतातही असे विचार होते’ हे नव्हे.

ह्यूमचे बाकीचे टोले संवादांच्या दुसऱ्या ते आठव्या भागांत विखुरलेले आहेत. त्यातले दोन उचला. पहिला, साम्य कमकुवत आहे. घर पाहून गवंडी आठवतो, कारण अनेक घरं बांधली जाताना आपण पाहिली आहेत; विश्व एकच आहे आणि ते घडताना कोणी पाहिलेलं नाही. दुसरा, साम्यच धरायचं तर विश्व यंत्रापेक्षा झाडासारखं किंवा प्राण्यासारखं जास्त दिसतं, आणि झाड कारागिराकडून नव्हे, बीजातून येतं.

आता पेली. माळरानावर दगड सापडला तर तो तिथे कायमचाच असेल म्हणता येईल, घड्याळ सापडलं तर नाही. त्याचे भाग एका कामासाठी जुळवलेले आहेत. पेलीचे काही समर्थक म्हणतात की हे साम्यानुमान नाहीच. घड्याळ पाहून आपण रचनाकार मानतो तो दुसऱ्या घड्याळांशी तुलना करून नाही, तर भागांची जुळणी पाहून. डोळ्यातही तीच जुळणी आहे. हे वाचन मान्य केलं तर ह्यूमचा साम्याचा आक्षेप पेलीला निम्माच लागतो. म्हणूनच सुरुवातीचं ते वाक्य नुसतं सन चुकलेलं नव्हतं. पेलीला खरा फटका बसला १८५९ मध्ये. तरुणपणी पेली आवडीने वाचलेल्या डार्विनने दाखवलं की कामासाठी जुळलेले भाग लहान लहान बदल आणि निवड यांतूनही येऊ शकतात. साम्य कमकुवत आहे असं डार्विन म्हणत नाही. तो दुसरं स्पष्टीकरण देतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उत्तरात त्या वेगळ्या वाक्यांत याव्यात.

डार्विनवर मात्र थांबू नका. नैसर्गिक निवड चालायला निसर्गनियम आधीच लागतात. रिचर्ड स्विनबर्न रचना डोळ्यात शोधत नाही, त्या नियमांतच शोधतो, आणि सिद्धतेऐवजी संभाव्यतेची भाषा बोलतो. नैसर्गिक स्थिरांकांच्या सूक्ष्म जुळणीचा आजचा युक्तिवाद आणि त्याला दिलं जाणारं बहुविश्वांचं उत्तर याच वळणावरचं आहे. वेळ असेल तर एक ओळ, नसेल तर सोडा.

रचनामूलक युक्तिवादावर कांटचं मत लिहिताना त्याचा आदरही नोंदवा. हा सगळ्यांत जुना आणि सामान्य बुद्धीला सर्वांत रुचणारा पुरावा आहे, असं तो म्हणतो. पण त्यातून फार तर शिल्पी मिळतो, द्रव्य निर्माण करणारा स्रष्टा नाही. इथे उदयन पुन्हा उपयोगी पडतो. कांटचा हा आक्षेप नैयायिकाला आक्षेपच वाटणार नाही. परमाणू नित्य आहेत आणि ईश्वर निमित्तकारण आहे, हे त्याचंच मत. म्हणजे आक्षेपाचं वजन तुम्ही कुठला ईश्वर सिद्ध करायला निघालात यावर ठरतं. ख्रिस्ती स्रष्टा हवा असेल तर तो घातक, न्यायाचा ईश्वर हवा असेल तर निरुपद्रवी. वीसपैकी शेवटचे दोन-तीन गुण मिळवून देणारा मुद्दा मला तरी हाच वाटतो.

हे सगळं बारा मिनिटांत कसं बसतं, ते पाहा. खालचं उत्तर मी घड्याळ लावून हाताने लिहिलं होतं.

‘विश्वकारणमूलक युक्तिवाद जगाच्या परावलंबी अस्तित्वावरून, तर रचनामूलक युक्तिवाद जगातील व्यवस्थेवरून ईश्वराकडे जातो. दोन्ही अनुभवापासून सुरू होतात. म्हणून अनुभव त्यांना कुठवर नेतो, हा परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे.

अक्वायनसच्या मते जगातील वस्तूंना कारण असते, कोणतीही वस्तू स्वतःचे कारण नसते आणि कारणांची साखळी अनंत असू शकत नाही. म्हणून आदिकारण आहे. येथे साखळी काळातील नाही. हात-काठी-वस्तू याप्रमाणे एकाच वेळी आधार देणाऱ्या कारणांची ती आहे. म्हणून “ईश्वराचे कारण कोण?” हा आक्षेप तिला लागत नाही. “विश्वच निष्कारण का असू नये?” हा ह्यूम व रसेल यांचा आक्षेप मात्र लागतो. प्रत्येक भागाला कारण आहे, यावरून समग्राला कारण आहे असे निघत नाही, असेही ते दाखवतात. परंतु परावलंबी घटकांचा समूह स्वावलंबी कसा होतो, हे त्यांनाही सांगावे लागेल. कांटचा आक्षेप अधिक खोल आहे: अनिवार्य सत्ता म्हणजेच परिपूर्ण सत्ता, हे ठरवण्यासाठी सत्ताशास्त्रीय युक्तिवाद गृहीत धरावा लागतो.

उदयनाच्या अनुमानात हेतू कार्यत्व आहे, परंतु सिद्ध होतो तो उपादान जाणणारा कर्ता. म्हणून ते दोन्ही युक्तिवादांना जोडते. मीमांसक हेतू असिद्ध मानतात, इतर प्रतिपक्षी “शरीरजन्यत्व” ही उपाधी दाखवतात. कर्ता एकच कशावरून, हा रामानुजांचा प्रश्न पुढे ह्यूमनेही स्वतंत्रपणे विचारला. विश्व एकमेव असल्याने मानवी कृतींशी त्याचे साम्य दुर्बल आहे, असेही ह्यूम म्हणतो. ह्यूमनंतर पेलीने (१८०२) घड्याळाच्या दृष्टांतातून साधनांच्या जुळणीवर भर दिला. डार्विनने (१८५९) त्या जुळणीचे पर्यायी स्पष्टीकरण दिले. स्विनबर्न यामुळे निसर्गनियमांच्या व्यवस्थेकडे वळतो, परंतु सिद्धतेऐवजी संभाव्यतेवर समाधान मानतो.

कांटच्या मते रचनेवरून शिल्पी मिळतो, स्रष्टा नाही. न्यायदर्शनाला हे मान्यच आहे, ख्रिस्ती ईश्वरवादाला मात्र ते पुरेसे नाही. म्हणून हे युक्तिवाद निर्णायक सिद्धता देत नाहीत. आदिकारण किंवा जाणता कर्ता मानण्यास ते काही आधार देतात, पण तोच एकमेव, सर्वशक्तिमान आणि शुभ ईश्वर आहे, ही शेवटची पायरी दोन्हीत अपुरी राहते.’

अडीचशेच्या आसपास शब्द. यात कलाम नाही, लाइब्निझ नाही, अक्वायनसचे बाकीचे मार्ग नाहीत, बहुविश्वं नाहीत. लाइब्निझ सोडताना मला जिवावर आलं. पर्याप्त कारणाचं तत्त्व त्याच्याकडे अक्वायनसपेक्षा स्वच्छ आहे. प्रश्न एकट्या विश्वकारणमूलक युक्तिवादावर असता तर उदयनाचा परिच्छेद निम्मा करून मी त्यालाच आणलं असतं. शेवटच्या परिच्छेदात ‘ईश्वर हा श्रद्धेचा विषय आहे’ हे वाक्य नाही, तेही पाहा. प्रश्न सिद्ध होतं का, असा आहे. श्रद्धेबद्दल कोणी विचारलेलं नाही. ते वाक्य लिहिलं की वरच्या तीन परिच्छेदांत केलेलं काम स्वतःच पुसल्यासारखं होतं.

हाच विषय दहा गुणांना, दीडशे शब्दांत आला, तर प्रत्येक गोष्ट निम्मी करण्याचा मोह होतो. तसं केलं की सगळंच तुटक होतं. दहा गुणांचा प्रश्न बहुधा एकाच आक्षेपाभोवती असतो, समजा, ‘रचनामूलक युक्तिवादावरील ह्यूमची टीका’. तेव्हा अक्वायनस पूर्ण गाळा. क्लिअँथिसचा युक्तिवाद तीन ओळींत, फिलोचे दोन आक्षेप त्यांच्या पायऱ्यांसकट, आणि एक वाक्य पेलीच्या बाजूने. पेलीचं नाव घेताना मनातल्या मनात दोन सन म्हणा, १७७९ आणि १८०२, आणि त्याच क्रमाने लिहा.